न दुखणारा फोड : मधुमेहींच्या पायाची रोजची पाहणी आणि पहिल्या काही तासांतली देखभाल

गेल्या फेब्रुवारीत पुतण्याच्या लग्नाहून परत आलो, त्या रात्रीची गोष्ट. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, 16 वर्षांपासून मधुमेह आहे. रोज झोपण्याआधी त्यांचे पाय मी पाहते. त्या रात्री उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याच्या आतल्या कडेला रुपयाएवढा पाण्याचा फोड दिसला. फुगून टम्म झालेला.

"अण्णा, हे कधी झालं?"

"काय कधी झालं?"

"हा फोड. दुखत नाही का?"

त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा शोधला, पुन्हा पाहिलं. "छे गं. दिवसभर तर फिरतोय."

अडचण नेमकी हीच असते. मी 17 वर्षं एका शस्त्रक्रिया विभागात ड्रेसिंगच्या टेबलापाशी काम केलं. तिथे येणाऱ्या मधुमेही माणसांचं सुरुवातीचं वाक्य बहुतेक वेळा एकच असायचं, "दुखत नव्हतं म्हणून आलो नाही." ज्यांच्या घरी नुकताच कुणाला मधुमेह निघाला आहे, किंवा जुना मधुमेह आहे पण पायाकडे कुणी पाहिलेलंच नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

दुखणं बंद का होतं

साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाकडे जाणाऱ्या लांब नसा खराब होत जातात. सुरुवात बोटांपासून होते. आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, आणि मग हळूहळू आगही थांबते. "आता बरं वाटतंय" असं माणूस म्हणतो, पण पुष्कळदा ते बरं वाटणं नसतं, बधिरपणा असतो. चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि चार पावलं पुढे गेल्यावर लक्षात आलं, असं घरात कुणाचं होत असेल तर तेव्हाच जागं व्हायला हवं.

चालताना आपल्या पायाला एका जागी घासलं की आपण नकळत पाऊल थोडं वेगळं टाकतो, लंगडतो, चप्पल काढून बघतो. बधिर पाय यातलं काहीच करत नाही. तो त्याच जागेवर तसाच दाब देत राहतो. डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 आणि 50 च्या दशकांत वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना हे बारकाईनं पाहिलं. तोवर समज असा होता की कुष्ठरोगात मांस आपोआप सडतं. ब्रँड यांना दिसलं की जखमा होतात त्या संवेदना गेलेल्या पायावर सतत चालत राहिल्यानं, आणि पायाला विश्रांती मिळाली की तेच पाय भरून येतात. पुढे मधुमेही पायालाही हाच नियम लागू पडला. मऊ, सच्छिद्र रबराच्या ज्या एमसीआर चपला आज मधुमेहींना सांगितल्या जातात, त्या मुळात कुष्ठरुग्णांसाठीच वापरात आल्या.

दुसरी गोष्ट रक्तपुरवठ्याची. काहींच्या पायाच्या रक्तवाहिन्याही अरुंद झालेल्या असतात. अशा पायाला जखम भरायला लागणारं रक्तच पुरेसं मिळत नाही. हे घरी नक्की कळत नाही, ते डॉक्टरांनीच तपासायचं. पण एक पाय दुसऱ्यापेक्षा सतत गार लागणं, चालताना पोटरीत गोळा येऊन थांबावं लागणं, या गोष्टी त्यांना आवर्जून सांगायच्या.

रोजची पाहणी

वेळ ठरलेली असावी. आमच्याकडे रात्रीचं जेवण झालं, पाय धुतले, पुसले की पाहणी. सगळं मिळून तीन-चार मिनिटं लागतात. मोबाइलची बॅटरी लावायची, कारण आपल्या घरांतल्या पिवळ्या दिव्यात तळव्यावरचं काही धड दिसत नाही. एकट्यानं राहणाऱ्यांनी जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरावा, किंवा मोबाइलनं तळव्याचा फोटो काढून तो मोठा करून पाहावा. मधुमेहानं नजरही अधू झाली असेल तर मात्र दुसऱ्याच कुणीतरी पाहावं. नातवंडं हे काम फार चोख करतात. त्यांना काहीतरी शोधून काढायचं असतं.

मी तळव्यापासून सुरुवात करते. टाच, मग बाहेरची कड, मग चवडा. भेगा पडल्यात का, त्यातली एखादी खोल जाऊन ओली झाली आहे का, घट्टा वाढला आहे का. घट्ट्यात किंवा कुरुपाच्या मध्ये काळसर, तपकिरी ठिपका दिसला तर तो मळ समजू नका. पुष्कळदा घट्ट्याखाली रक्त साकळलेलं असतं आणि आत जखम तयार झालेली असते. मग बोटांच्या बेचक्या, एकेक बोट हलकेच बाजूला करून. पावसाळ्यात इथे चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सुटते आणि तिथूनच जंतू आत शिरतात. बायकांच्या पायात जोडवी असतील तर ती फिरवून खालची कातडी बघायची. नखांच्या कडा, घोटे, शेवटी पायाचा वरचा भाग. मांडी घालून तासन्‌तास बसणाऱ्यांच्या बाहेरच्या घोट्यावर जमिनीच्या दाबानं घट्टा आणि पुढे जखम होते. पोथी वाचणाऱ्या, भाजी निवडत बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत मी हे कित्येकदा पाहिलं आहे, आणि तिथे कुणाचंच लक्ष नसतं.

आता हाताचं काम. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नेहमी लाल दिसत नाही. ती जांभळट, काळपट, कधी नुसती चकचकीत दिसते. म्हणून डोळ्यांइतकाच हातावर भरवसा ठेवा. हाताची मागची बाजू एका पायावर टेकवायची, मग दुसऱ्या पायावर बरोबर त्याच जागी. एखादी जागा दुसरीकडच्यापेक्षा स्पष्ट गरम लागली तर आत काहीतरी बिनसलं आहे, वर फोड नसला तरी. तापमान मोजून पाहणारे डॉक्टर साधारण 2.2 अंश सेल्सिअसचा फरक हा इशारा मानतात. हाताला इतकी अचूकता नसते, पण रोज हात लावणाऱ्याला कालच्यापेक्षा आज वेगळं लागलं हे कळतं. पूर्ण पाऊलच गरम आणि सुजलेलं असेल, जखम नसेल आणि फारसं दुखतही नसेल, तर ती मुरगळ समजून तेल चोळत बसू नका. मधुमेहात पायाची हाडं आतल्या आत मोडून पाऊल बेढब होण्याचा एक प्रकार असा सुरू होतो. त्या पायावर भार टाकणं बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

शेवटी चपला-बूट. आत हात घालून तळ चाचपायचा. अण्णांच्या बुटात एकदा सुपारीचं खांड सापडलं होतं. दोन दिवस ते त्यावर चालत होते.

दोन-तीन महिन्यांतून एकदा घरीच करता येईल अशी एक साधी परीक्षा आहे, तिला इप्सविच टच टेस्ट म्हणतात. माणसानं डोळे मिटून झोपायचं. आपण आपल्या बोटाच्या टोकानं त्याच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एक-दोन सेकंद नुसता स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, ठोकायचं नाही. स्पर्श कळला की त्यानं "डावा" किंवा "उजवा" म्हणायचं. दोन्ही पायांची मिळून सहा बोटं होतात. एका बोटाला एकदाच हात लावायचा, कळलं नाही म्हणून पुन्हा संधी द्यायची नाही. सहांपैकी दोन किंवा जास्त बोटं चुकली तर संवेदना कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांकडे मोनोफिलामेंटची तपासणी करून घ्यायची. नायलॉनच्या बारीक तारेनं पायावर ठरावीक जागी टेकवून ती करतात. अण्णांची त्या वेळी चार बोटं चुकली होती, आणि आपल्याला सगळं कळतंय यावर ते ठाम होते.

फोड दिसला, आता काय

पुन्हा त्या रविवारच्या रात्रीकडे येते. करायचं ते थोडंच असतं, पण क्रम महत्त्वाचा.

आधी अण्णांना पलंगावर बसवलं आणि तिथून उठू दिलं नाही. कारण हातात होतंच, लग्नासाठी घेतलेल्या कडक चामड्याच्या नव्या चपला. चार दिवसांत मऊ होतील असं दुकानदारानं सांगितलं होतं. होतातही, पण ते चार दिवस बधिर पायाला परवडत नाहीत. त्या चपला पिशवीत घालून बाजूला ठेवल्या. टाकून दिल्या नाहीत. डॉक्टरांना दाखवायच्या होत्या, आणि पट्टा नेमका कुठे घासला हे चपलेवरच दिसतं.

साबणानं हात धुतले. मग उकळून गार केलेलं पाणी तांब्यातून त्या जागेवर धारेनं ओतलं, पाऊलभर सौम्य साबण लावला, पुन्हा पाणी. नळाचं पिण्याजोगं स्वच्छ पाणी असेल तर तेही चालतं, सलाइनची बाटली असेल तर उत्तमच. पाय बादलीत बुडवून ठेवायचा नाही. मिठाच्या गरम पाण्यात पाय शेकायची आपल्याकडे हौस आहे, आणि बधिर पायाला पाणी किती गरम आहे तेच कळत नाही. अशा शेकानं भाजलेले तळवे मी इतके पाहिलेत की आमच्या घरात ती बादलीच मी बंद केली. धुऊन झाल्यावर स्वच्छ कापडानं टिपून घेतलं, घासलं नाही.

फोड फोडला नाही. सुईनं, ब्लेडनं, नखकात्रीनं, कशानंच नाही. वरची शाबूत कातडी म्हणजे फुकट मिळालेलं निर्जंतुक झाकण असतं. तो आधीच फुटला असता तर ती सुटलेली कातडी ओढून काढली नसती, तशीच खाली बसवून झाकली असती.

त्यावर काही लावलंही नाही. इथे घरातली वडीलधारी मंडळी हमखास आडवी येतात. हळद, तूप, चुना, टूथपेस्ट, नीळ, कुणाचं तरी जुनं मलम. हळदीबद्दल माझी मुख्य तक्रार अशी आहे की ती सगळं पिवळं करून टाकते. दुसऱ्या दिवशी पू आहे की हळद, लाली वाढली की नाही, काही म्हणता काही दिसत नाही. तेच निळ्या-जांभळ्या औषधांचं. न मिसळलेलं डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी जंतूंबरोबर नवी येणारी कोवळी कातडीही भाजते. कुरुपावर लावायच्या औषधी पट्ट्यांत आम्ल असतं. त्या तर मधुमेही पायाला कधीच लावू नयेत.

कोरड्या निर्जंतुक गॉजची घडी ठेवली, कागदी चिकटपट्टीनं दोन बाजूंनी चिकटवली. पट्टी बोटाभोवती किंवा पावलाभोवती पूर्ण गोल गुंडाळायची नाही. रात्रीतून सूज आली तर तीच पट्टी फास होते. जोडवी, पैंजण, घट्ट मोज्याचं इलॅस्टिक यांचंही तसंच, सूज यायच्या आधी काढून ठेवायचं. "जखम उघडी ठेवा, हवेनं सुकेल" हे ऐकू नका. उघड्या जखमेवर माश्या बसतात, धूळ जाते, आणि ज्या घरात उंदीर आहेत तिथे रात्री बधिर पायाला उंदीर चावतात. ही ऐकीव गोष्ट नाही, अशी ड्रेसिंग मी केली आहेत.

झाकण्याआधी दोन कामं केली होती. फोडाशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढला, आणि भोवतीच्या लालसर भागाच्या कडेनं बॉलपेनानं रेघ ओढून तारीख-वेळ लिहिली. सकाळी लाली रेघेच्या बाहेर गेली आहे की नाही एवढंच बघायचं. "वाढल्यासारखी वाटते" यावर घरात वाद होतात, रेघेवर होत नाहीत. मग साखर तपासली, वहीत लिहिली. औषधाचा डोस स्वतःच्या मनानं बदलला नाही.

रात्रीच निघायचं की सकाळी

फोड साधा असेल, पाणी स्वच्छ असेल, भोवती विशेष काही नसेल तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. दुसऱ्या दिवशी म्हणजे दुसऱ्याच दिवशी. आठवडाभर थांबून "बसतोय का बघू" हे बधिर पायाच्या बाबतीत चालत नाही.

पण काही गोष्टी दिसल्या तर रात्र असो की दिवाळीचा पाडवा, लगेच निघायचं. जखमेतून पू किंवा घाण वास, लाली भराभर पसरणं किंवा जखमेच्या कडेपासून दोन सेंटिमीटरच्या पलीकडे गेलेली असणं, पावलावरून वर पोटरीकडे चढणारी लाल रेघ, कातडी काळी-निळी पडणं, पाऊल गार आणि फिकट होणं, ताप किंवा थंडी वाजणं. आणखी दोन खुणा लोकांना माहीत नसतात. एक, खाण्यात काही बदल नसताना साखर एकाएकी चढणं. शरीरात कुठे जंतुसंसर्ग असला की साखर वर जाते, आणि मधुमेहात ताप न येताही संसर्ग बराच पसरलेला असू शकतो. दुसरी, एरवी बधिर असलेला पाय अचानक ठणकायला लागणं. जो पाय दुखत नाही तो दुखतोय, याचा अर्थ आत खोलवर काहीतरी आहे.

अण्णांची लाली सकाळी रेघेच्या आतच होती. साखर नेहमीपेक्षा थोडी जास्त, पण ती लग्नातल्या जिलबीचीही असेल. आम्ही रिक्षानं गेलो. दवाखान्याच्या दारापर्यंत रिक्षा, पुढे चाकाची खुर्ची. चालत नेलं नाही.

सोबत औषधांची यादी, साखरेची वही, रात्रीचा फोटो आणि त्या चपला. डॉक्टरांनी पावलाच्या वर आणि घोट्यामागे नाडी पाहिली, ती लागत होती. हा मोठाच दिलासा होता. फोड दाबाच्या जागी आणि ताठ असल्यामुळे त्यांनी निर्जंतुक पात्यानं कडेला छेद देऊन पाणी काढलं, वरची कातडी तशीच ठेवली. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते विचारलं. फोडाभोवती फेल्टची जाड गादी चिकटवली, फोडाच्या जागी तिला भोक ठेवून, म्हणजे उभं राहिलं तरी भार भोवतालच्या भागावर जाईल. आणि पुढचा भाग अधांतरी राहील असं एक सँडल दिलं. प्रतिजैविक दिलं नाही. त्यावरून अण्णा रिक्षात नाराज होते, "एवढा फोड आणि एक गोळी नाही?" पण संसर्ग नसलेल्या जखमेला प्रतिजैविकाचा उपयोग नसतो. तिला उपयोग असतो भार काढण्याचा.

पुढचे 19 दिवस

खरी कसरत इथे असते. ड्रेसिंग कुणीही शिकतं, माणसाला बसवून ठेवणं अवघड. पहिल्या रात्रीच अण्णा अनवाणी तीनदा लघवीला जाऊन आले. म्हणून पलंगाशी ते सँडल आणि लघवीसाठी भांडं ठेवलं. आंघोळ स्टुलावर बसून, पावलाला प्लॅस्टिकची पिशवी वरून सैल बांधून. पलंगावर असताना पोटरीखाली उशी, टाच मात्र उशीच्या बाहेर मोकळी. टाच एकाच जागी गादीवर टेकून राहिली तर तिथे दुसरी जखम तयार होते.

ड्रेसिंग रोज एकदा, आणि ओलं झालं तर लगेच. काढलेलं ड्रेसिंग टाकण्याआधी वाचायचं. कोरडं किंवा किंचित पिवळसर डाग, ठीक. पाचव्या दिवशी गॉज भिजलेलं आणि त्यावर गुलाबी-तांबडा डाग होता. "कुठे गेला होतात?" म्हटलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दूध आणायला." चारशे पावलं जाऊन-येऊन, आणि जुनीच स्लीपर घालून. त्या एका फेरीनं फोडाची वरची कातडी सरकली होती आणि खालचा भाग उघडा पडला होता. लाली नव्हती, वास नव्हता, तरी त्याच दिवशी पुन्हा दाखवून आणलं.

दर रविवारी त्याच अंतरावरून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढायचे. दोन आठवड्यांनी जखम अर्ध्याहून लहान झाली होती. चार आठवड्यांत निम्मीही कमी झाली नाही तर नुसतं ड्रेसिंग बदलत बसू नका. रक्तपुरवठा, हाडापर्यंत गेलेला संसर्ग, किंवा भार निघतच नाही, यांपैकी काहीतरी आहे, आणि डॉक्टरांनी ते नव्यानं शोधायला हवं. अण्णांची जखम 19 व्या दिवशी बंद झाली.

बंद झाली म्हणजे पूर्वीसारखी झाली असं नाही. नवी कातडी कित्येक आठवडे पातळ असते आणि सगळ्यात लवकर पुन्हा तिथेच फुटते. चालणं हळूहळू वाढवलं. नव्या एमसीआर चपला संध्याकाळी घेतल्या, कारण तोवर पाय थोडे फुगलेले असतात. मागे पट्टा असलेल्या, अंगठ्याची खुंटी नसलेल्या. पहिल्या दिवशी एक तास घातल्या, काढून पाय पाहिला, दुसऱ्या दिवशी दोन तास. देवळात जाताना पिशवीत जुने पांढरे सुती मोजे असतात. एप्रिलमधल्या दुपारी देवळाच्या फरशीवर बधिर तळवा भाजतो आणि माणूस शांतपणे प्रदक्षिणा पूर्ण करतो. पांढरे अशासाठी, की रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो.

त्या लग्नातल्या चपला अण्णांनी माझ्या नवऱ्याला देऊ केल्या. त्याच्या मापाच्या आहेत. पहिल्याच दिवशी त्यालाही अंगठ्याच्या मुळाशी लागल्या, आणि तो दहाव्या पावलाला ओरडला.